बारा वर्षे सहा महिने

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधून हा प्रश्न शब्द बदलून पुन्हा पुन्हा येतो: 'न्यायदानातील चुकीची अपरिवर्तनीयता आणि प्रतिशोधात्मक न्यायाची मागणी लक्षात घेऊन मृत्युदंडाच्या बाजूच्या व विरोधातील युक्तिवादांचे मूल्यमापन करा.' कधी तो नीतिशास्त्राच्या पेपरात अडीचशे शब्दांसाठी असतो, कधी निबंधाच्या पेपरात हजार-बाराशेंसाठी. सरावाच्या उत्तरपत्रिका तपासणे हे माझे काम असल्याने या प्रश्नाची उत्तरे मी ढिगाने वाचतो. त्यातली बहुतेक एकाच साच्यातली असतात. आधी बाजूचे मुद्दे, मग विरोधातले मुद्दे, मध्ये गांधीजींच्या नावावर खपवलेले डोळ्याला डोळ्याचे वाक्य आणि शेवटी 'समतोल दृष्टिकोन आवश्यक आहे'. मुद्दे बरोबर असतात, पण प्रश्नातले 'मूल्यमापन करा' तसेच राहते. प्रतिशोध एका पारड्यात, चुकीची भीती दुसऱ्यात, आणि तराजू धरणारा विद्यार्थी काटा कुठे झुकला ते सांगतच नाही.

माझे म्हणणे असे आहे की ही दोन पारडी मुळात वेगळी नाहीत. प्रतिशोधाचा सिद्धांत मनापासून मानणाऱ्या माणसाला चुकीचा मुद्दा विरोधकांपेक्षा जास्त टोचायला हवा. ते दाखवणारा खटला पुण्यातलाच आहे. तरीही उत्तरांमध्ये तो क्वचितच दिसतो.

आधी प्रतिशोधाची बाजू नीट मांडली पाहिजे, कारण तिथेच विद्यार्थी घाई करतात. प्रतिशोध म्हणजे सूड असे लिहून ते मोकळे होतात. सूड ज्याचे नुकसान झाले तो घेतो, त्याला माप नसते आणि तो गुन्हेगाराच्या भावावरही उगवता येतो. प्रतिशोधात्मक न्याय तिऱ्हाईत करतो, मापून करतो आणि फक्त दोषीवर करतो. नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात १७७३ मध्ये खून झाला, तेव्हा रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले, ही कथा आपल्याकडे शाळेतल्या पोराला ठाऊक असते. रामशास्त्र्यांना त्यातून समाजाला धाक बसवायचा नव्हता, राघोबांना सुधारायचेही नव्हते. ज्याने हे केले त्याला हेच लागू आहे, मग तो गादीवर बसलेला का असेना, एवढेच त्यांचे म्हणणे. प्रतिशोधाचा गाभा तोच आहे. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने तो टोकापर्यंत नेला. एखाद्या बेटावरचा समाज सर्वानुमते विसर्जित होऊन पांगणार असेल, तरी जाण्याआधी तुरुंगातल्या शेवटच्या खुन्याला त्याने फाशी दिलीच पाहिजे, असे तो म्हणतो. पुढे कोणाला धाक बसण्याचा प्रश्नच उरलेला नसताना शिक्षा का? तर ती त्याची वाटणी आहे म्हणून.

पुण्याने हे अनुभवलेही आहे. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात जोशी-अभ्यंकर हत्याकांड म्हणून ओळखले जाणारे दहा खून झाले. संध्याकाळ झाली की लोक दारे लावून बसत. त्या काळाविषयी बोलताना जुने पुणेकर आजही आवाज खाली आणतात. चौघा दोषींना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्या फाशीने पुढचे खून थांबले की नाही, हा हिशेब त्यांच्यापैकी कोणी मांडत नाही. 'झाले ते योग्य झाले' एवढेच ते म्हणतात. ही भावना रानटी नाही. तिला उत्तरात अर्ध्या ओळीत उडवून लावणाऱ्याचे गुण मी कापतो. (दहशत बसते की नाही हा वाद मात्र या प्रश्नात फार लांबवू नये. प्रश्न दहशतीचा विचारलेलाच नाही.)

पण कांटच्याच मांडणीत एक अट आहे आणि ती विद्यार्थी विसरतात. शिक्षा फक्त गुन्हा केला म्हणून आणि त्या गुन्ह्याच्या मापाने व्हायची, दुसऱ्या कोणत्याही हेतूसाठी नाही. म्हणजे प्रतिशोधाला दोन गोष्टी बिनचूक कळायला हव्यात: हे कोणी केले, आणि करणाऱ्याचा दोष किती. पहिली गोष्ट घटनेची आहे, दुसरी माणसाची. फाशीवरच्या चर्चेत 'चूक' म्हटले की आपल्याला निर्दोष माणूस लटकवला जाणे एवढेच आठवते. दुसऱ्या गोष्टीतली चूक जास्त सहज होते आणि जास्त काळ झाकलेली राहते.

२६ ऑगस्ट १९९४ रोजी पौड रस्त्यावरच्या एका सदनिकेत राठी कुटुंबातल्या पाच स्त्रिया आणि दोन मुले यांचे खून झाले. त्यातली एक स्त्री गरोदर होती. हेतू लुटीचा होता. पुण्यात त्यावर जो संताप उसळला तो अगदी स्वाभाविक होता. तिघांना पकडले गेले. त्यातला एक माफीचा साक्षीदार झाला आणि उरलेल्या दोघांना पुण्याच्या सत्र न्यायालयाने फेब्रुवारी १९९८ मध्ये फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने जुलै १९९९ मध्ये ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयाने ५ सप्टेंबर २००० रोजी तिच्यावर शिक्कामोर्तब केले. पुनर्विचार याचिकाही फेटाळली गेली. दुर्मिळातील दुर्मिळ म्हणावे असाच हा खटला होता. फाशी फक्त अशाच खटल्यात द्यावी हा बच्चनसिंग खटल्यातला १९८० चा निकष त्याला बसत नसेल तर कशाला बसेल, असे कोणीही म्हटले असते. न्यायाची तीन दारे ओलांडून झाली होती आणि तिन्ही ठिकाणी उत्तर एकच होते.

या दोघांपैकी एकाचे वय खटल्याच्या कागदांत वीस-बावीसच्या घरात लिहिलेले होते. ते कोणी तपासले नाही. बचावाच्या वकिलानेही तो मुद्दा खटल्यात लावून धरला नाही. २००५ मध्ये त्याची वैद्यकीय तपासणी झाली, तेव्हा डॉक्टरांनी वय बावीसपेक्षा जास्त आणि चाळीसपेक्षा कमी असे सांगितले. हे उत्तर हास्यास्पद वाटेल, पण शरीराची हाडे त्याहून जास्त बोलत नाहीत. लांब हाडांची टोके मधल्या दांड्याशी कधी जुळतात यावरून किशोरवयातले वय एक-दोन वर्षांच्या फरकाने सांगता येते. पंचविशीच्या आसपास ही जुळणी पूर्ण होते आणि मग अंदाज विस्कटत जातो. म्हणजे ज्या वयात ही तपासणी निर्णायक ठरली असती, ते वय तो कोठडीत काढून बसला होता. गंमत अशी की बावीस ते चाळीस या पट्ट्यात कागदावरचे वयही बसत होते आणि खरे वयही.

खरे वय राजस्थानातल्या बिकानेर भागातल्या एका सरकारी शाळेच्या नोंदवहीत होते. तो तिथे लहानपणी शिकला होता आणि नोंदवहीत त्याचे नाव खटल्यातल्या नावापेक्षा थोडे वेगळे होते. २०१८ मध्ये त्याच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज झाला की गुन्ह्याच्या वेळी तो अल्पवयीन होता. २०१९ मध्ये न्यायालयाने पुण्याच्या प्रधान जिल्हा व सत्र न्यायाधीशांना चौकशी करायला सांगितले. त्यांनी कागद तपासले, त्या नावाचा मुलगा म्हणजे हाच कैदी का याची खातरजमा केली आणि अहवाल दिला: जन्मतारीख १ फेब्रुवारी १९८२. खुनांच्या दिवशी पौड रस्त्यावर तो साडेबारा वर्षांचा होता.

राज्य सरकार आणि फिर्यादीच्या बाजूने याला कडाडून विरोध झाला. नावांतला फरक दाखवला गेला, त्याला सज्ञान दाखवणारी मतदार यादी पुढे आली. बारा वर्षांचा मुलगा असे क्रूर कृत्य करू शकतो का, हा प्रश्न तर कोणाच्याही मनात येईल. तो न्यायाधीशांच्याही मनात आला. २७ मार्च २०२३ च्या निकालात त्यांनी तो नोंदवला आणि बाजूला ठेवला. ही गोष्ट धक्कादायक आहे, पण अशा तर्काने पुराव्याचा निर्णय गढूळ होऊ द्यायचा नाही, असा त्यांचा सूर होता. शाळेची नोंद ग्राह्य धरली गेली आणि त्याला सोडून देण्याचा आदेश निघाला. तोवर तो अठ्ठावीस वर्षांहून जास्त काळ तुरुंगात होता, आणि त्यातला मोठा भाग डोक्यावर फाशी घेऊन. बाल न्याय अधिनियमानुसार त्या वयाच्या मुलाला जास्तीत जास्त तीन वर्षे विशेष गृहात ठेवता आले असते.

इथे कोणीतरी हमखास म्हणते की हा तांत्रिक मुद्दा झाला, नंतरच्या मऊ कायद्याचा फायदा त्याला मिळाला. तसे नाही. गुन्हा घडला तेव्हा १९८६ चा बाल न्याय कायदा लागू होता. त्यात सोळा वर्षांखालचा मुलगा बालक होता आणि बालकाला फाशी देता येत नव्हती. म्हणजे १९९८ चा निकाल त्याच दिवशीच्या कायद्याने चूक होता. फरक एवढाच की चूक कळायला पंचवीस वर्षे लागली.

आता ही चूक कसली होती ते पाहा. 'हे कोणी केले' यावर २०२३ च्या निकालाने काही फिरवले नाही. न्यायालयाने त्याला निर्दोष म्हटले नाही. चुकले ते माप. प्रतिशोधाचा सिद्धांत म्हणतो, जितका दोष तितकी शिक्षा. बारा वर्षांच्या पोराचा दोष बावीस वर्षांच्या माणसाइतका नसतो, हे जगातला कोणताही प्रतिशोधवादी मान्य करतो. भारतीय दंड संहितेच्या ८३ व्या कलमात तर सात ते बारा या वयात समज आली होती का हेच आधी पाहायचे, असे होते. हा मुलगा ती रेषा सहा महिन्यांपूर्वी ओलांडून आला होता. त्याला फाशी झाली असती तर पराभव सुधारणावाद्यांचा झाला नसता, प्रतिशोधाचा झाला असता. त्याच्याच मापाने ती शिक्षा अन्याय्य होती.

एका विद्यार्थिनीने वर्गात मला थेट विचारले, "सर, पण त्या घरातल्या मागे राहिलेल्या माणसांना काय सांगायचं?" हा प्रश्न टाळता येत नाही. त्यांचे सात जण गेले ते गेलेच. त्यांना राज्याने फाशीचा शब्द दिला आणि मग तो शब्द पंचवीस वर्षे कोर्टकचेऱ्यांतून फिरवला. दुसऱ्या आरोपीची फाशी २०१६ मध्ये राष्ट्रपतींनी जन्मठेपेत बदलली. म्हणजे प्रतिशोधाच्या नावाने दिलेले वचन दोन्ही बाबतींत पाळले गेले नाही. गहुंज्याच्या प्रकरणातही तेच झाले. बीपीओत काम करणाऱ्या तरुणीवरचा बलात्कार आणि तिचा खून २००७ चा, राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला २०१७ मध्ये, फाशीची तारीख ठरली जून २०१९ ची. मधल्या काळात सरकारी कागद इकडून तिकडे सरकायला जो वेळ गेला, त्यापायी उच्च न्यायालयाने फाशी रद्द करून पस्तीस वर्षांची कैद दिली. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. पीडितांच्या बाजूने बोलणाऱ्याने हेही पाहावे की १९९८ मध्ये जन्मठेप झाली असती तर त्या कुटुंबाला वृत्तपत्रांत पुन्हा पुन्हा तो दिवस वाचावा लागला नसता.

यावर प्रतिशोधवाद्याचे एक उत्तर मला खरोखर वजनदार वाटते. तो म्हणेल, अठ्ठावीस वर्षे तरी कुठे परत मिळतात? तुरुंगात गेलेले तारुण्यही अपरिवर्तनीयच आहे. मग फक्त फाशीलाच तो दोष का लावायचा? ज्या विद्यार्थ्याला हा आक्षेप सुचत नाही त्याचे उत्तर अर्धवट आहे. आणि ज्याला सुचतो, तो बहुधा 'मृत्यू वेगळा असतो' एवढे म्हणून सुटतो. ते पुरेसे नाही.

फरक नुकसानीच्या आकारात आहेच, पण त्याहून जास्त तो शोधात आहे. २०१८ चा अर्ज एका जिवंत माणसाने केला. सत्र न्यायाधीशांनी ज्याची ओळख पटवली तो समोर होता. फाशी २००१ मध्ये उरकली असती तर बिकानेरची ती नोंदवही तिथेच असती, जन्मतारीखही तीच असती, पण ती उघडायला कोणी गेले नसते. फाशी झालेल्या माणसाच्या नावाने पुरावा पुन्हा तपासायला लावणारी वाट आपल्याकडे रुळलेली नाही. वकील पुढच्या अशिलाकडे वळतो, घरचे गप्प होतात, फाइल अभिलेखागारात जाते. म्हणून 'आपल्याकडे निर्दोष माणूस फाशी गेल्याचे उदाहरण कुठे आहे' हा प्रश्न फसवा आहे. तुरुंगवासातली चूक परत भरून देता येत नसली तरी ती सापडू शकते. फाशीतली चूक सापडण्याचीच सोय बंद होते, आणि न सापडलेल्या चुकांना आपण अचूकता समजतो.

तरीही फाशीनंतर चूक सापडल्याचे एक उदाहरण आहे, आणि ती चूक चक्क न्यायालयानेच दाखवली. राजस्थानातल्या रावजी नावाच्या माणसाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की शिक्षा ठरवताना गुन्हा पाहावा, गुन्हेगार नव्हे. १९९६ मध्ये त्याला फाशी झाली. पुढे मे २००९ मध्ये पुण्यातल्याच एका अपहरण-खुनाच्या अपिलात, बरियार खटल्यात, न्यायालयाने स्पष्ट केले की रावजीचा निकाल बच्चनसिंगच्या पाच न्यायमूर्तींच्या निकालाच्या विरुद्ध आहे. गुन्ह्याइतकाच गुन्हेगारही पाहायचा असे बच्चनसिंग सांगतो. रावजीचा आधार घेतलेले आणखी काही निकालही त्यामुळे सदोष ठरले. बरियारमधल्या आरोपीला जन्मठेप मिळाली. रावजीला ती दुरुस्ती लागू करायला रावजी उरला नव्हता.

नाशिकचा खटला मी इथे थोडक्यातच सांगतो, कारण त्यातली चूक निर्दोषाला शिक्षा होण्याच्या परिचित प्रकारातली आहे. जून २००३ मधल्या पाच खुनांसाठी भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००९ मध्ये फाशी सांगितली. ज्या तिघांची फाशी उच्च न्यायालयाने कमी केली होती, त्यांनाही परत दिली. मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. जखमी साक्षीदार स्त्रीने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या छायाचित्रांतून भलत्याच चौघांना ओळखले होते आणि त्यांचा तपासच झाला नव्हता, हे तेव्हा ठळकपणे पुढे आले. सरकारने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत असा आदेश झाला. सहांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता हे त्याआधीच सिद्ध झाले होते. पुन्हा वय, पुन्हा उशीर.

मग सुधारणा करा, शिक्षा का काढता, असे म्हणणारे असतात. सुधारणा झाल्याही आहेत. २०१४ पासून फाशीच्या पुनर्विचार याचिका तीन न्यायमूर्तींपुढे खुल्या न्यायालयात ऐकल्या जातात. २०२२ च्या मनोज खटल्यात न्यायालयाने सांगितले की आरोपीचे वय, घर, शिक्षण, मानसिक स्थिती ही माहिती खटल्याच्या पातळीवरच गोळा व्हायला हवी. हे चांगलेच आहे. पण त्यात एक कबुलीही दडलेली आहे. बच्चनसिंग १९८० चा, मनोज २०२२ चा. ज्या माहितीशिवाय माप घेता येत नाही ती आधी गोळा करा, हे सांगायला मधली बेचाळीस वर्षे गेली, आणि त्या वर्षांत फाशी सुनावणे थांबले नव्हते. शिवाय ही माहिती गोळा करायची कोणी? घर सोडून आलेल्या पोराचे गाव, शाळा, नाव शोधत राजस्थानात जाण्याचा खर्च मोफत विधी सेवेतला वकील कुठून करणार? पैसेवाल्याची जन्मतारीख पहिल्या दिवशी न्यायालयात पोहोचते.

माझे उत्तर त्यामुळे असे: प्रतिशोधाची मागणी खरी आहे, तिला रानटी म्हणू नये, पण ती पूर्ण करण्यासाठी जेवढी अचूकता लागते तेवढी आपल्या यंत्रणेकडे नाही, आणि फाशी ही एकच शिक्षा अशी आहे की जी ही उणीव कायमची गाडून टाकते. जन्मभर सुटका नसलेली कैद प्रतिशोधाला कमी पडते, हे मी मान्य करतो. कमी पडण्याची किंमत मोजावी, अशी माझी बाजू आहे. ही ओळ उत्तरात असली पाहिजे. परीक्षकाला ती पटली नाही तरी चालेल.

शेवटचा आक्षेप विधी आयोगाच्या २६२ व्या अहवालातून येतो. ऑगस्ट २०१५ च्या या अहवालाने फाशी रद्द करण्याची शिफारस केली, पण दहशतवादी गुन्हे आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारणे हा अपवाद ठेवला. विद्यार्थी हा अपवाद समतोलाचा नमुना म्हणून लिहितात. कसाबचे नाव लगेच येते. त्याला २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यातच फाशी झाली आणि त्याच्या दोषाविषयी वाजवी शंका कोणालाच नव्हती. पण कायदा कसाबसारख्या उघड प्रकरणासाठी वेगळे कलम लिहीत नाही, तो प्रकारासाठी लिहितो. त्या प्रकारात तपासावर दबाव सगळ्यात जास्त असतो आणि आरोपीच्या बाजूने उभे राहायला माणूस मिळत नाही. कोरेगाव पार्कातल्या जर्मन बेकरीत १३ फेब्रुवारी २०१० रोजी स्फोट झाला, १७ माणसे गेली. पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये एका आरोपीला फाशी सुनावली. मार्च २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला स्फोटाच्या कटाच्या आरोपांतून मुक्त केले आणि स्फोटके बाळगल्याबद्दलची जन्मठेप तेवढी ठेवली. विधी आयोगाची शिफारस कायदा होऊन तेव्हा लागू असती, तरी पुण्यातली ती फाशी अपवादाच्या कलमात नीट बसली असती.